एकरी उताऱ्याला कोणता चार्ट: पाय, हिस्टोग्राम की बॉक्स प्लॉट?

समजा, औसा तालुक्यातल्या सोयाबीन शेतकऱ्यांचा सर्व्हे हातात आहे. चार रकाने आहेत: पाण्याचा स्रोत, जमिनीचा प्रकार, पेरणीच्या दिवशीचं तापमान आणि एकरी उतारा. चार्ट ठरवण्याआधी प्रत्येक रकान्याची मोजपट्टी ओळखावी लागते.

पाण्याचा स्रोत नॉमिनल. विहीर, बोअर, कॅनॉल, कोरडवाहू यांना १ ते ४ कोड दिले तरी ती नावंच, त्यांच्या सरासरीला अर्थ नाही. इथे पाय चार्ट चालतो, पण प्रत्येकाने एकच उत्तर दिलं असेल तरच. विहीर आणि बोअर दोन्ही लिहिणारे निघाले की टक्के शंभरावर जातात. मग साधा बार चार्ट काढावा.

हलकी, मध्यम, भारी जमीन ही ऑर्डिनल. बार त्याच क्रमाने लावायचे. सॉफ्टवेअर अकारविल्हे लावून भारीला मध्यमच्या आधी नेतं, तेवढं सांभाळा. तापमान इंटरव्हल आहे: ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे, कारण सेल्सियसचा शून्य सोयीसाठी मानलेला आहे. उताऱ्याचा शून्य मात्र खरा, म्हणून ८ क्विंटल ४ च्या दुप्पट. ही रेशो मोजपट्टी.

खरी निवड उताऱ्यापाशीच करावी लागते. अकरा जणांचे आकडे असे धरू (क्विंटल): २, ३, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ९, १५. एवढ्याशा आकड्यांचा हिस्टोग्राम फसवा; गटाची रुंदी १ वरून ३ केली की आकारच बदलतो. बॉक्स प्लॉट इथे बरा. मध्यक ६, साधारण मधले निम्मे आकडे धरणारी पेटी ४ ते ८, म्हणजे पेटीची लांबी ४. तिच्या दीडपट, म्हणजे ६, वर मोजलं की कुंपण १४ वर येतं. १५ त्याबाहेर, म्हणून तो सुटा ठिपका आणि पेटीतून वर निघणारी रेघ, म्हणजे वरची मिशी, ९ वर थांबते.

ठिपका दिसला की लगेच खोडू नका, आधी एकक तपासा. एका हेक्टरात सुमारे २.४७ एकर. १५ हा आकडा हेक्टरी असेल तर एकरी ६ च भरतो, अगदी मधला! दोन सॉफ्टवेअरच्या पेट्या वेगळ्या दिसल्या तरी घाबरू नका: एक्सेलमध्ये `QUARTILE.EXC` ४ आणि ८ देतं, तर `QUARTILE.INC` ४.५ आणि ७.५.

शेतकरी दोनशे असतील तर हिस्टोग्राम आधी काढा. कोरडवाहू आणि तुषारवाले एकत्र असतील तर त्यात दोन उंचवटे दिसू शकतात. बॉक्स प्लॉट ते गिळून एकच पेटी दाखवतो. उंचवटे दिसलेच तर दोन्ही गटांचे बॉक्स प्लॉट एकाच मापावर शेजारी ठेवा.