तान्ह्या बाळासाठी मच्छरदाणी: छत्रीची, चेनची की चार दोऱ्यांची?

आमचं बाळ जानेवारीत झालं आणि फेब्रुवारी संपता संपता डास आले. पुण्यात मुळेच्या काठी राहणाऱ्यांना हा हंगाम ठाऊक असतो. नदीत जलपर्णी माजली की दिवेलागणीला खिडकी उघडायची सोय राहत नाही. घरात दोन महिन्यांचं बाळ, बाळंतीण आणि दोघींच्या काळजीने येऊन राहिलेली सासू. प्रत्येकाचा उपाय वेगळा. सगळे करून पाहिले, त्यातून काय उरलं ते सांगतो. तुमच्या घरी कदाचित वेगळं ठरेल.

धुराचं आधी उरकतो. कॉइल आम्ही पहिल्याच दिवशी बाद केली. मलेशियात आणि चीनमध्ये मिळणाऱ्या कॉइल्सवर 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण साधारण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. आपल्याकडच्या कॉइलचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण बंद खोलीत बाळाच्या उशाशी ती लावायला मन धजत नाही. डासांच्या अगरबत्त्यांचं प्रकरण त्याहून वाईट. पाकिटावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नसेल, तर आत काय मिसळलंय ते देवच जाणे. सासूबाईंची ओवा-लसणाच्या सालींची धुरी राहिली, पण बाळाच्या खोलीबाहेर आणि खिडकी उघडी ठेवून. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधायचा त्यांचा बेत मात्र मोडावा लागला. कापूर तान्ह्या बाळाच्या मेंदूला सोसत नाही, त्याने झटके येऊ शकतात. अंगाला चोळणं तर नकोच.

क्रीमबाबत बालरोगतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे. डास दूर ठेवणारं डीईईटी हे रसायन असलेलं काहीही दोन महिन्यांच्या आत लावायचं नाही आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांच्या आत नाही. दोन महिन्यांनंतरही हाताला लावू नये, कारण ही मंडळी आख्खी मूठ तोंडात घालतात. रोल-ऑन आणि स्टिकरचा आम्हाला तरी फरक जाणवला नाही. बाळाच्या झबल्याला स्टिकर आणि शेजारी माझ्या पायाला डास, असंच चाललं.

मशीनची बाटली आम्ही पूर्णपणे सोडलेली नाही, हे कबूल करतो. त्यात बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि खोलीत हवा खेळती ठेवा असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. आपण करतो नेमकं उलट: दारं-खिडक्या लावून, एसी चालू करून, रात्रभर. आम्ही दिवेलागणीला बाळाला बाहेरच्या खोलीत नेऊन तासभर मशीन लावतो, मग बंद करून खिडकी उघडतो (जाळी आहे) आणि अर्ध्या तासाने बाळाला आत आणतो. हे मापून ठरवलेलं नाही. डोळे चुरचुरत नाहीत आणि डास कमी होतात, एवढंच निरीक्षण.

खरी निवड होती मच्छरदाण्यांची.

पहिली घेतली छत्रीसारखी उघडणारी, फक्त बाळाच्या अंगावर ठेवायची. स्वस्त, हलकी, घडी घालून पिशवीत मावते. आठवडाभर आम्ही खूश होतो. मग एका सकाळी बाळाच्या डाव्या दंडावर ओळीने पाच लाल ठिपके दिसले आणि छत्रीच्या आत, अगदी वरच्या काडीजवळ, रक्त पिऊन टम्म झालेला डास निवांत बसलेला. रात्रभर त्याला बाहेर जायचं कारणच नव्हतं. कोडं सुटायला फार वेळ लागला नाही. बाळ रात्री एकला, तीनला आणि पाचला दूध पितं. प्रत्येक वेळी छत्री उचलायची, बाळ उचलायचं, अंधारात पाजायचं, परत ठेवायचं आणि छत्री झाकायची. त्या वेळात डासाने आत शिरायचं नाही म्हटलं तर तो डासच नव्हे. त्यात छत्री लहान. बाळाने हात फेकला की तो जाळीला टेकतो आणि डास बाहेर बसून जाळीतून चावतो. त्या ठिपक्यांतले काही तसेही आले असतील.

मग डबल बेडवर उभी राहणारी, चेनची घडीची मच्छरदाणी आणली. आई आणि बाळ दोघं आत. जाळी अंगापासून दूर आणि खालून बंद, म्हणजे डासाला वाटच नाही. तिच्याविरुद्ध माझी तक्रार एकच आहे आणि ती क्षुल्लक वाटेल: चेनचा आवाज. पहाटे तीनला बाळ पिऊन नुकतं झोपलेलं, बायकोला बाथरूमला जायचं असतं आणि ती चेन खर्रर्र करते. बाळ जागं. परत येऊन लावताना पुन्हा खर्रर्र. तिसऱ्या रात्री तिने चेन वीतभर उघडीच ठेवायला सुरुवात केली आणि चौथ्या रात्री आत दोन डास. मच्छरदाणी उत्तम, पण रात्री माणसं ती जशी वापरतात तशी ती टिकत नाही. ज्यांचं बाळ गाढ झोपतं त्यांनी माझं ऐकू नये, त्यांना हीच सोयीची पडेल.

शेवटी सासऱ्यांनी गावाहून जुन्या पद्धतीची, चार दोऱ्यांची चौकोनी मच्छरदाणी आणली. मी नाक मुरडलं होतं. भिंतीला चार खिळे, खोलीला धर्मशाळेची कळा. पण बायको आत बसून पाजते, उठायची वेळ आलीच तर कड हातभर उचलून सरपटत बाहेर येते आणि मी लगेच ती गादीखाली खोचतो. आवाज शून्य. जाळी उंच असल्याने पंख्याचा वारा बऱ्यापैकी लागतो. खोचणं हेच तिचं मर्म आहे. नुसती लोंबती सोडली, तर छत्रीत आणि तिच्यात फरक नाही. झोपण्याआधी आम्ही टॉर्च मारून चारही कोपरे बघतो. पांढऱ्या जाळीवर डास चटकन दिसतो, म्हणून गुलाबी-निळी घेऊ नका.

घेताना जाळीवर पट्टी ठेवा. एका इंचात 12-13 भोकं असावीत, म्हणजे चौरस इंचाला 156 च्या आसपास. त्याहून विरळ असेल तर डास आत येतो, फार दाट असेल तर आत घाम फुटतो. औषध लावलेल्या मच्छरदाण्याही असतात आणि त्या बाळांसाठी चालतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचं बाळ हाताला लागेल ते चोखतं, म्हणून आम्ही साधीच ठेवली.

दोन गोष्टी तिच्या विरोधातल्या. बाळ पालथं पडायला लागलं की जाळी म्हणजे कठडा नव्हे, ते कडेला गडगडून जाळीसकट खाली लोंबकळू शकतं. आम्ही तेव्हापासून गादी जमिनीवर घेतली आणि दोऱ्या लांबवल्या. त्यांची टोकं वरच बांधतो, बाळाच्या हाताला लागू देत नाही. दुसरी गोष्ट दिवसाची. डेंग्यूचा पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसा चावतो आणि दुपारच्या झोपेसाठी रोज चार दोऱ्या सोडत बसणं होत नाही. तिथे ती छत्री पुन्हा बाहेर निघाली. दुपारी दूध पाजून झालं की मी जाळीत हात घालून एकदा चाचपतो, मगच झाकतो. भाड्याच्या घरात खिळे चालत नसतील, तर पडद्याचा दांडा आणि कपाटाची वरची कडी वापरून बघा. चिकटवायचे हुक आमच्याकडे दुसऱ्याच रात्री सुटले, तेही पहाटे तीनलाच.