कार्डाची पाठ की पुठ्ठ्याची किनार?

आमच्याकडे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा एकच फोटो दोन रूपांत आहे: एक पोस्टकार्ड, दुसरा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. काळ ठरवायचा तर मी आधी पोस्टकार्डच उलटं करते.

त्याच्या पाठीला मधली उभी रेघ नाही. म्हणजे मागे फक्त पत्ता. मजकूर पुढे, चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत दाटीवाटीनं लिहिलेला. रेघेची कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ साली आली, इतर देशांत त्यानंतर. तिकिटावर ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड, म्हणजे कार्ड १९०२ च्या आधी टपालात पडलेलं नाही. शिक्का १९०४ चा. पण तो टाकल्याची तारीख सांगतो, टिपल्याची नाही. छापखाने फोटोची जुनीच काचेची निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत. राजवाडा १८८४ साली पुरा झाला, तेव्हा फोटो १८८४ ते १९०४ मधला. यापेक्षा नेमकं वर्ष हे कार्ड देत नाही.

पुठ्ठ्याच्या किनारीवर स्टुडिओचं नाव आणि ‘पूना’ छापलंय. इथेच घोटाळा होतो. ते स्टुडिओचं गाव, चित्रातलं नव्हे. माझ्या काकांनी याच किनारीवरून वाडा पुण्याचा ठरवला होता! छापील पुठ्ठे गठ्ठ्यानं येत आणि संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे काळाबाबतही किनार सैलच. मात्र त्या स्टुडिओचा पत्ता कधी बदलला हे जुन्या जाहिरातींत सापडलं, तर हीच किनार कार्डापेक्षा नेमकं सांगू शकते.

ठिकाणासाठी मी किनारीपेक्षा चित्रातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर विश्वास ठेवते.