स्वतःच्या रेंडरवर शिकवलेला लोरा, सात महिन्यांनंतर: साडूंचा जिना पुन्हा पुन्हा का येत होता

मार्चमध्ये एका क्लायंटनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "अहो मॅडम, हा तर आमच्या साडूंच्या बंगल्याचा जिना." खरंच तोच होता. साडूंचा बंगला आमच्याच ऑफिसनं केलेला. उजव्या कोपऱ्यात गोल मनोरा आणि त्याला टेराकोटाची जाळी. यांच्या घरात जिना मधोमध आहे, सरळ दोन टप्प्यांचा, बाहेरून दिसण्याचा प्रश्नच नाही. तरी लोरा लावून काढलेल्या चित्रात उजवीकडे तो मनोरा उभा होता. त्यांना ते लागलं आणि मला त्याहून जास्त लागलं. आपलं घर फक्त आपल्यासाठी काढलंय, या भरवशावरच लोक आमच्याकडे येतात.

लोरा म्हणजे चित्रं काढणाऱ्या मोठ्या मॉडेलला आपली शैली शिकवणारी छोटी जोड-फाइल. आमच्याकडचं सांगते. मूळ मॉडेल एसडीएक्सएल, शिकवायला कोह्याच्या स्क्रिप्ट, आणि ऑफिसात आधीपासून असलेलं १२ जीबीचं कार्ड. भाड्यानं मशीन घ्यायला मी ठाम नकार दिला होता. ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू ठेवलं, बॅच एकचा ठेवला, तर काम रात्रीतून होतं. या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

डिसेंबरातल्या पहिल्या लोरासाठी हार्ड डिस्कवर सापडली ती ६४ चित्रं घेतली होती. प्रत्येक चित्र १० वेळा, अशा १० फेऱ्या, म्हणजे एपॉक, एकूण ६,४०० स्टेप्स, आणि रँक, म्हणजे लोराचा आकार, ६४. निकाल बघून सगळे खूश झाले. पावसानंतरची संध्याकाळ, ओल्या रस्त्यावर सांडलेला खिडक्यांचा पिवळा उजेड, जरा उतरलेला हिरवा रंग. आमच्या चित्रांची ओळख म्हणावी ती सगळी आली होती. जिना आला तेव्हा मी ठरवून टाकलं की रँक जास्त झालाय. रँक ८ वर आणून पुन्हा शिकवलं आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही की प्रश्न सुटला.

ते चुकीचं होतं. मनोरा यायचा तो येतच राहिला, फक्त जाळीची भोकं जरा पुसट झाली. एकच वस्तू शंभरदा दाखवली तर ती लक्षात ठेवायला लहान लोराही पुरतो.

खरं कारण फोल्डर उघडून चित्रं मोजली तेव्हा कळलं. ६४ पैकी २३ चित्रं एकट्या साडूंच्या बंगल्याची होती, कारण त्या कामात व्ह्यू फार निघाले होते. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी माझ्या डोक्यातून अजून जात नाही: निळी छत्री घेतलेली बाई. चित्रात टाकायची माणसं, झाडं, गाड्या ठेवलेल्या आमच्या एंटुराजच्या फोल्डरमधला हा एक जुना कटआउट, वर्षानुवर्षं प्रत्येक जण तोच उचलून टाकत आलेला. ३१ चित्रांत ती आहे. लोरा लावून मी रिकाम्या माळावरची पाण्याची टाकी मागितली, तरी टाकीशेजारी ती छत्री घेऊन उभी. लोराच्या लेखी ती माणूस नव्हतीच. ओल्या रस्त्यासारखाच तीही शैलीचा भाग झाली होती.

याचं मूळ कॅप्शनमध्ये आहे. मी सगळ्या चित्रांना ट्रिगर शब्द, म्हणजे आमची शैली मागवायचा शब्द, आणि 'बंगला' एवढंच लिहिलं होतं. कॅप्शनमध्ये ज्या गोष्टीचं नाव येतं तिला स्वतःचा शब्द मिळतो, आणि जिचं नाव येत नाही ती ट्रिगर शब्दाला चिकटते. म्हणून जे नको आहे ते सविस्तर लिहायचं आणि जे हवं आहे त्याबद्दल गप्प बसायचं. मला हे सुरुवातीला उलटं वाटायचं. आता त्याच बंगल्याचं कॅप्शन असं आहे:

```
kpdrawn, two storey house, round stair tower with
terracotta screen on the right, stone compound wall,
woman with blue umbrella, white car
```

यात संध्याकाळ, ओल, पिवळा उजेड यांतलं काही नाही. ते सगळं `kpdrawn` मध्ये जावं, एवढ्यासाठीच.

पण नुसत्या कॅप्शनवर विसंबू नका, कारण थोडी गळती होतेच. मी चित्रंही बदलली. नऊ प्रकल्प, प्रत्येकाची चारच चित्रं, एकूण ३६. त्यांत पूर्ण इमारत दिसेल अशी मोजकीच ठेवली. बाकीचे तुकडे कापले: ओट्याचा कोपरा आणि त्यावरचा उजेड, भिंत जमिनीला मिळते तिथली ओल, खिडकीची काच आणि मागचं झाड. आमचा हात या तुकड्यांत पुरता दिसतो, पण कुठल्या घराचा तुकडा आहे ते ओळखता येत नाही. छत्रीवाली जिथे कापून काढता आली नाही तिथे पीएनजीमध्ये तेवढा भाग पारदर्शक केला आणि `alpha_mask` चालू केलं, म्हणजे त्या जागेवरची चूक शिकताना धरलीच जात नाही.

```
network_dim = 8
network_alpha = 4
unet_lr = 1e-4
network_train_unet_only = true
save_every_n_epochs = 1
```

प्रत्येक चित्र ५ वेळा, १० एपॉक, म्हणजे १,८०० स्टेप्स. शेवटची फाइल वापरायची नाही, हेही याच फेरीत शिकले. प्रत्येक एपॉकची फाइल घेऊन, सीड तोच ठेवून, आम्ही कधीच न केलेल्या गोष्टी मागितल्या: एसटीचा थांबा, शाळेच्या दोन खोल्या, धान्याचं गोदाम. तिसऱ्या एपॉकला प्रकाश अर्धवट आला. सहाव्याला सगळं आमचं वाटलं आणि थांबा थांब्यासारखाच राहिला. आठव्याला थांब्याच्या उजव्या टोकाला गोलाई यायला लागली. मी सहावा घेतला.

जुन्या-नव्या चित्रांचं साम्य आकड्यात मोजायचा प्रयत्नही केला, चित्राचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या क्लिप मॉडेलच्या एम्बेडिंगवरून. त्याचा उपयोग झाला नाही. प्रकाश आणि रंग जुळले की तो आकडा चढतो, आणि प्रकाश-रंग जुळणं हाच तर आमचा हेतू. इमारत वेगळी आहे की नाही ते त्यातून वेगळं होत नाही. त्यामुळे आता जुन्या कामांवर बसलेली आमची ड्राफ्ट्समन मुलगी प्रत्येक चित्र बघते. "ताई, हा छज्जा नको," एवढं ती म्हणाली की ते चित्र बाद.

रोजच्या कामात घराचा आकार लोराकडून घेतच नाही. तो स्केचअपमधून येतो, जवळ-लांबचं अंतर बघून आकार पक्का धरणारा डेप्थ कंट्रोलनेट लावून, आणि लोराचं वजन ०.७. इथे एक खाच आहे. डेप्थला भिंत कळते, भिंतीवर काय आहे ते कळत नाही. सपाट भिंत दिली की तिच्यावर टेराकोटाची जाळी उमटायची, मनोरा नसतानाही. लाइनआर्टचा दुसरा कंट्रोलनेट जोडला आणि भिंतीवरचे सांधे स्केचअपमध्येच काढले, तेव्हा ती थांबली.

एक गोष्ट आधी करायला हवी होती, ती मार्चनंतर केली. ६४ पैकी काही रेंडर बाहेरच्या एका कलाकाराकडून करून घेतलेले होते. पैसे दिले म्हणजे चित्रं आमची, असं मी धरून चालले होते. पण तो संध्याकाळचा उजेड मुळात त्यांच्याच हातचा आहे. त्यांना भेटून सगळं दाखवलं. त्यांनी त्यांची दोन चित्रं काढायला सांगितली, बाकीची वापरायला लेखी परवानगी दिली, आणि ठरलेली रक्कम आम्ही दिली. इतर प्रत्येक खर्चात मी हात आखडता घेतला, पण हे पैसे मला जड गेले नाहीत.

जूनमध्ये त्याच क्लायंटना नवं चित्र दाखवलं. त्यांनी आधी उजवा कोपरा बघितला, बराच वेळ. मग विचारलं, "आणि पाठीमागच्या अंगणाचं कधी दाखवताय?"