शून्य-कूपन रोख्यासाठी कोणती लॅटिस घ्यावी: बेरजेची की गुणाकाराची?

शॉर्ट रेटची द्विपदी लॅटिस उभारताना पहिला निर्णय करावा लागतो तो शेजारच्या दोन नोडमधल्या अंतराचा. हो आणि ली यांच्या १९८६ च्या मांडणीत हे अंतर बेरजेचे असते, म्हणजे वरचा दर खालच्या दरापेक्षा ठरावीक टक्के-बिंदूंनी जास्त असतो. ब्लॅक, डर्मन आणि टॉय यांच्या १९९० च्या मांडणीत ते गुणोत्तराचे असते. दोन्हींत जोखीम-तटस्थ संभाव्यता ½ धरण्याची रीत आहे. दर वाढण्याची शक्यता प्रत्यक्षात निम्मी आहे, असा तिचा अर्थ नाही. ती संभाव्यता आधी पक्की करून दरच असे बसवले जातात की बाजारातील रोख्यांच्या किमती लॅटिसमधून जशाच्या तशा निघाव्यात.

किंमत काढण्याची कृती दोन्हीकडे एकच आहे. मुदतपूर्तीच्या सर्व नोडवर दर्शनी मूल्य १०० ठेवायचे आणि एकेक पायरी मागे येत पुढील सूत्र लावायचे, ज्यात i म्हणजे पायरी, j म्हणजे त्या पायरीवरचा नोड, V म्हणजे तेथील किंमत आणि r म्हणजे तेथील दर:

```
V[i][j] = (0.5*V[i+1][j+1] + 0.5*V[i+1][j]) / (1 + r[i][j])
```

येथे एक चूक वारंवार होते. तीन वर्षांच्या रोख्यासाठी १०० हे मूल्य तिसऱ्या पायरीच्या चार नोडवर ठेवावे लागते आणि दर मात्र पायरी ०, १ व २ चेच लागतात. तिसऱ्या पायरीचाही दर वापरला, तर नकळत चार वर्षांच्या रोख्याची किंमत निघते.

आता दोन्ही लॅटिस एकाच बाजारावर बसवून पाहू. सर्व मुदतींना वार्षिक ६% दर आहे असे धरू, म्हणजे तीन वर्षांच्या रोख्याची किंमत ८३.९६ होते. बेरजेच्या लॅटिसमध्ये अंतर २ टक्के-बिंदूंचे आणि गुणाकाराच्या लॅटिसमध्ये गुणोत्तर १.४ घेतले, की पहिल्या वर्षी दोन्हींत जवळपास तेच दर मिळतात: ५.०१% आणि ७.०१%. त्यांची सरासरी ६ पेक्षा किंचित जास्त आहे, कारण येथे सरासरी दरांची नव्हे तर सवलत-गुणकांची जुळवायची असते, आणि गुणकांचा आलेख वक्र असतो.

दुसऱ्या वर्षी वाटा वेगळ्या होतात. बेरजेच्या लॅटिसमध्ये दर ४.०३, ६.०३ व ८.०३ टक्के येतात, तर गुणाकाराच्या लॅटिसमध्ये ४.१९, ५.८६ व ८.२१. वर्षभराची मुदत उरलेल्या आपल्या रोख्याच्या किमती वरच्या दराकडून खाली अशा पडतात: पहिल्या लॅटिसमध्ये ९२.५७, ९४.३१, ९६.१३ आणि दुसऱ्या लॅटिसमध्ये ९२.४२, ९४.४६, ९५.९८. तेथून मागे आल्यावर पहिल्या वर्षाच्या वरच्या नोडवर दोन्हीकडे ८७.३२ आणि खालच्या नोडवर ९०.६८ मिळतात, आणि मुळाशी अर्थातच ८३.९६.

म्हणून शून्य-कूपन रोख्याची आजची किंमत हा या निवडीचा निकष होऊ शकत नाही. ती जुळवूनच घेतलेली असते; ती जुळली नाही, तर दोष मॉडेलच्या निवडीत नसून कॅलिब्रेशनमध्ये किंवा पायऱ्यांच्या मोजणीत शोधावा. खरा फरक टोकाच्या नोडवर दडलेला असतो. याच रोख्यावर दोन वर्षांनी वापरायचा, ९६ व्यवहार-किमतीचा कॉल ऑप्शन घ्या. बेरजेच्या लॅटिसमध्ये सर्वांत खालच्या दराच्या नोडवर त्यातून ०.१३ मिळतात आणि त्याची आजची किंमत सुमारे ०.०२९ निघते, गुणाकाराच्या लॅटिसमध्ये ती शून्य आहे. ९२.५० चा पुट ऑप्शन घेतला, तर चित्र नेमके उलटते: पहिलीत शून्य, दुसरीत सुमारे ०.०१८. पायऱ्या बारीक केल्यावर असे कोरे शून्य राहत नाही, पण कल तोच राहतो. गुणाकाराची लॅटिस चढ्या दरांना लांब शेपूट देते, तर बेरजेची लॅटिस खालच्या दरांना अधिक जागा देते.

ती जागा कधी शून्याच्याही खाली जाते. वरच्याच आकड्यांनी पुढे गेल्यास सातव्या वर्षी तळाच्या नोडवरचा दर ऋण होतो आणि तेथे एक वर्षाच्या रोख्याची किंमत १०० च्या वर दिसते. ही गणिती चूक नव्हे, तो त्या गृहीतकाचा परिणाम आहे. ऋण दर शक्य असलेल्या बाजारासाठी तो स्वीकारार्ह आहे, एरवी अडचणीचा. उलट गुणाकाराच्या लॅटिसमध्ये ऋण दर येऊच शकत नाहीत, त्यामुळे बाजारातले दर ऋण असतील तर ती बसतच नाही.

माझे मत असे की केवळ शून्य-कूपन रोख्यांचे मूल्यांकन करायचे असेल, तर बेरजेची लॅटिस पुरेशी आहे, कारण तिचे कॅलिब्रेशन हाताने तपासता येते. त्यावर पुट-कॉल किंवा मुदतपूर्व परतफेडीची अट असलेले रोखे बसवायचे असतील आणि दर शून्यापासून दूर असतील, तर मी गुणाकाराची निवडेन. मात्र तिच्यात अस्थिरता काळानुसार बदलती ठेवली, तर त्याच आकड्यांतून दरांची सरासरीकडे ओढ किती हेही आपोआप ठरून जाते. ते वेगळे ठरवण्याची मोकळीक राहत नाही.