हाताच्या फोटोवर मेंदी बसवताना: डिस्प्लेस की वॉर्प?

मामेबहिणीने साखरपुड्याआधी दोन्ही हातांच्या पाठींचा फोटो पाठवला. मेंदी काढणाऱ्या ताईंनी दिलेलं डिझाइन आपल्या हातावर कसं दिसेल, एवढंच तिला बघायचं होतं. डिझाइन पांढऱ्या कागदावर काढलेलं होतं. ते स्कॅन करून फोटोशॉपमध्ये फोटोवर ठेवलं आणि लेयरचा मोड Multiply केला की पांढरा कागद दिसेनासा होतो, मेंदी तेवढी उरते. इथपर्यंत अडचण येत नाही. पण मग दिसतं की नक्षी हातावर काढलेली वाटत नाही, हातासमोर काच धरून तिच्यावर छापल्यासारखी वाटते. तिला बोटांच्या गोलाईवर वळवायचं कसं, यासाठी फोटोशॉपमध्ये मुख्यतः दोन रस्ते आहेत आणि मी दोन्हींवर बरेच दिवस काढले आहेत.

पहिला रस्ता डिस्प्लेसचा. हाताच्या फोटोची कृष्णधवल प्रत करायची, रंध्रं आणि बारीक लव उमटू नये म्हणून ती किंचित धूसर करायची, PSD म्हणून जपून ठेवायची आणि मेंदीच्या लेयरवर `Filter > Distort > Displace` लावून ती फाइल नकाशा म्हणून द्यायची. मधला करडा रंग असेल तिथे नक्षी हलत नाही. त्याहून उजळ जागी ती एका दिशेला सरकते, गडद जागी उलट दिशेला. दहा मिनिटांत दोन्ही हात होतात. सांध्यांवरच्या सुरकुत्यांमधून रेषा जराशी थरथरत जाते, तेव्हा खरंच वाटतं की नक्षी कोन हातात धरूनच काढली आहे. सुरुवातीचे कित्येक महिने मी हेच वापरत होतो.

दुसरा रस्ता वॉर्पचा, म्हणजे नक्षीवर जाळी टाकून ती हाताने ओढणं. २०२० च्या आवृत्तीपासून या जाळीत हव्या त्या ठिकाणी उभ्या-आडव्या रेघा वाढवता येतात. त्याआधी हे काम फार कंटाळवाणं होतं. आताही वेळ लागतोच. प्रत्येक बोटाचा तुकडा वेगळ्या लेयरवर घ्यावा लागतो आणि दोन हातांना माझा तास-दीड तास सहज जातो.

वेळेचा हिशोब केला तर निकाल उघड वाटेल. पण डिस्प्लेसची एक गोष्ट मला सतत खटकायची आणि कारण कळायला बराच वेळ लागला. तळव्याच्या पाठीवरचं चक्र छान बसायचं, बोटांवरची जाळी मात्र बसायची नाही. नक्षी किती सरकवायची हे ठरवणारं स्केल १० वर ठेवलं तर फरक जाणवायचा नाही, ३० केलं तर रेषा फाटल्यासारख्या व्हायच्या. मला वाटायचं माझा नकाशा चुकतोय. मी तो कधी जास्त धूसर करायचो, कधी त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवायचो.

चूक नकाशाची नव्हती. डिस्प्लेसला आकार कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोरून प्रकाश पडलेलं बोट घ्या: मध्यभाग उजळ आणि दोन्ही कडा सारख्याच गडद. दोन्ही कडा सारख्या गडद म्हणजे दोन्हीकडची नक्षी एकाच दिशेला सरकणार. गोलाई दिसायची तर डाव्या कडेची नक्षी एकीकडे आणि उजव्या कडेची दुसरीकडे दाबली जायला हवी. समोरच्या उजेडात हे कोणत्याही स्केलला जमणार नाही. प्रकाश एका बाजूने असेल तर नशिबाने नक्षी बरोबर दाबली जाते, आणि तोच प्रकाश दुसऱ्या बाजूने असेल तर ती कडांकडे उलट पसरते. बहिणीच्या फोटोत खिडकी डावीकडे होती. एका हाताच्या तर्जनीवरची जाळी डाव्या कडेला चक्क रुंद झाली होती. एकदा हे दिसलं की नजर तिथून हलत नाही.

वॉर्पमध्ये हे आपल्या हातात असतं, फक्त किती दाबायचं याचा अंदाज हवा. बोट साधारण गोल नळी धरू. त्या फोटोत तर्जनी २४० पिक्सेल रुंद दिसत होती, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १२०. पण त्वचेवरून मोजलं तर तेवढ्याच भागाची लांबी १८८ पिक्सेल भरते. तिचे तीन सारखे पट्टे केले तर प्रत्येक जवळजवळ ६३ चा. मधला पट्टा फोटोत ६० दिसतो, पुढचा ४४ आणि कडेचा अवघा १६! म्हणून नक्षी बोटाच्या दिसणाऱ्या रुंदीपेक्षा दीडपट रुंद घ्यावी लागते आणि शेवटचा पट्टा निर्दयपणे दाबावा लागतो. खरं बोट वरून जरा चपटं असतं, त्यामुळे मी दीडपटीपेक्षा थोडं कमीच घेतो. आडव्या रेघांना सांध्यापाशी हलकी कमान दिली की काम झालं.

खरी नक्षी बसवण्याआधी मी साध्या चौकड्यांची जाळी त्याच वॉर्पमधून घालून बघतो. चौकोन कडेकडे अरुंद होत गेले तर बरोबर. कडेलाही मध्याइतकेच रुंद राहिले तर नक्षी सपाट दिसणार, ती कितीही सुंदर असो. नक्षी आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केली असेल तर चौकड्यांच्या जागी खरं डिझाइन टाकता येतं आणि वळण तसंच राहतं. बहिणीने नंतर बोटांवर वेलीऐवजी कुयऱ्या हव्यात म्हटलं, तेव्हा याच सोयीने माझी संध्याकाळ वाचली.

डिस्प्लेस टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. सपाट तळवा, मनगटाचा आतला भाग, किंवा लहान आकारात बघायचा फोटो असेल तर तेवढं पुरतं, आणि ज्यांना एका बैठकीत दहा फोटो करायचे आहेत त्यांनी कदाचित तेच घ्यावं. वाकलेली बोटं असतील तर नक्षी वळवण्याचं काम वॉर्पही एकट्याने करत नाही. तिथे आधी Puppet Warp च्या पिना सांध्यांवर लावून ती वळवून घ्यावी लागते. पण बोटांवर भरगच्च काम असेल, आणि मेंदीत ते बहुतेकदा असतंच, तर मी आता वॉर्पशिवाय सुरुवात करत नाही.

डिस्प्लेस मी शेवटी लावतो, तेही स्केल ३ किंवा ४ वर, फक्त सांध्यांच्या सुरकुत्यांसाठी. क्रम मात्र हाच ठेवावा, कारण आधी थरथर देऊन मग ओढलं तर सुरकुत्यांची वळणं नक्षीबरोबर सरकतात आणि त्वचेवरच्या सुरकुतीशी जुळत नाहीत. नखांवरून नक्षी मास्कने पुसायची, अंगठीखाली तिला शिरू द्यायचं. बहिणीच्या फोटोत अंगठ्याच्या सांध्यावर तेवढं ३ चं स्केलही जास्त झालं होतं, तिथे मी फिल्टरच्या मास्कवर करडा ब्रश फिरवून ते निम्मं केलं.