आधी रेफरन्स द्यावा की एनडीएवर सही करावी?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. गेल्या पावसाळ्यात नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीची इन्क्वायरी आली. पर्चेसचे साहेब मराठीच निघाले, दांडिया बाजारात वाढलेले. म्हणाले, "भाऊ, ड्रॉइंग पाठवतो, पण त्याआधी एकतर तीन कस्टमरांची नावं-नंबर द्या, नाहीतर आमच्या एनडीएवर सही करून पाठवा." माझ्या पार्टनरचं मत, नंबर देऊन मोकळं व्हावं. सहा पानी इंग्रजी गोपनीयता करार कोण वाचत बसणार? मला उलटं वाटत होतं.

नंबर द्यायला एक मिनिट पुरतं, हे खरं. पण ज्याचा नंबर दिला त्याच्या शिफ्टमध्ये फोन वाजणार, आणि दर इन्क्वायरीला हेच केलं तर वर्षभरात तो आपलाही फोन उचलणं बंद करेल. शिवाय जुन्या कस्टमरशी आपण स्वतः एनडीए केलेला असतो. आम्ही कपाटातली फाइल काढली, तर एका पार्टीच्या करारात 'पुरवठादाराने आमचं नाव कुठेही वापरू नये' असं स्पष्ट लिहिलेलं! तीन नावांतलं एक तिथेच गेलं. नाव न घेता सांगू म्हटलं, तर 'पादऱ्याजवळचा डाय इंटरमीडिएटचा प्लांट' एवढ्यावरूनही इथला माणूस कंपनी ओळखतो.

मला आणखी एक खटकत होतं. ज्याला स्वतःची ड्रॉइंग झाकून ठेवायचीत, त्याच्यासमोर दुसऱ्याची माहिती भराभर ओतली, तर तो आपल्याबद्दल काय समजेल?

एनडीएत गोत्यात आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. आलेल्या मसुद्यात तीन कलमं अडली.

पहिलं, माहिती 'फक्त कर्मचाऱ्यांना' दाखवता येईल. आमचं शीट मेटल आणि पावडर कोटिंग बाहेर जॉबवर्कला जातं. एनक्लोजरचं ड्रॉइंग फॅब्रिकेटरच्या हातात दिलं की त्याच दिवशी करार मोडला. हे कलम कुणी मुद्दाम घालत नाही, वकिलाला कारखाना माहीत नसतो एवढंच. आम्ही 'कर्मचारी आणि लेखी गोपनीयता मान्य केलेले जॉबवर्कर' असं सुचवलं. त्यांनी कुरकुर न करता घेतलं.

दुसरं, भंग झाल्यास 25 लाख. पॅनलचा आमचा अंदाज नऊ लाखांचा. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं, सरसकट पूर्ण रक्कम नाही. पण कोर्टापर्यंत जायची वेळच का आणायची? आकडा काढून 'प्रत्यक्ष नुकसान' लिहून घेतलं.

तिसरं, तीन वर्षं 'अशा प्रकारच्या प्रोसेससाठी' इतर कुणाला पॅनल द्यायचं नाही. ही गोपनीयता नव्हेच, धंद्यावरची बंदी आहे. कलम 27 खाली असली बंदी बहुतेक टिकत नाही, पण टिकत नाही म्हणून सही करून टाकायची नसते. यावर मात्र दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी काढलं त्यांनी. नसतं काढलं तर मी इन्क्वायरी सोडली असती.

याशिवाय करार दोन्ही बाजूंना लागू करून घेतला, कारण आमचं लॉजिक आणि रेट त्यांच्याकडे जाणार होते. करार ई-स्टॅम्पवर केला, नाहीतर वेळ आली की मुद्रांकाचा वाद आधी निघतो.

म्हणून ड्रॉइंगच्या टप्प्यावर मी दुरुस्त केलेल्या एनडीएच्या बाजूने आहे. रेफरन्स कोटेशननंतर, दोन-तीन पुरवठादार उरले की द्यावा, आणि एकच. आधी जुन्या कस्टमरला विचारून, फोन कधी येईल ते ठरवून. पर्चेसवाल्याचा नव्हे, मेंटेनन्सच्या माणसाचा. आम्ही ज्यांचा नंबर दिला ते म्हणाले होते, "डिलिव्हरी बारा दिवस उशिरा दिली यांनी, ते मी सांगणार हं." म्हटलं, सांगा, पण रविवारी रात्री पीएलसीचं कार्ड बदलायला आम्ही आलो होतो, तेही सांगा.

अपवाद एकच. समोरचा ना एनडीए देतोय, ना आय-ओ किती, पॅनल सेफ एरियात बसणार की हॅझार्डसमध्ये, एवढं साधं सांगतोय, आणि फक्त कस्टमरांची यादी व त्यांना लावलेले रेट मागतोय, तर काहीच देऊ नका. या दोन गोष्टी सांगायला कुठलं गुपित फोडावं लागत नाही. यादी बहुधा दुसऱ्याच पॅनलवाल्याला हवी असते.

ती ऑर्डर आम्हाला मिळाली नाही. अहमदाबादचा रेट कमी निघाला. त्यांची ड्रॉइंग आम्ही परत केली, फॅब्रिकेटरकडची प्रतही मागवून घेतली, आणि करार मात्र अजून दोन वर्षं चालू आहे.