हीटमॅप की सेशन रेकॉर्डिंग: सर्व्हिसेसच्या पानावर ग्राहक कुठे गळतो?

वेबसाइटवर येणारे लोक काय करतात ते दाखवणारं मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटीसारखं टूल फुकट आहे आणि त्यात हीटमॅप आणि रेकॉर्डिंग दोन्ही मिळतात. त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही, वेळेचा आहे. दुकान सांभाळून आठवड्यात तासभर मिळत असेल, तर तो कशावर घालवायचा?

हीटमॅप म्हणजे सगळ्यांची बेरीज. पान किती जणांनी कुठवर खाली नेलं आणि बोट कुठे लावलं, हे एका चित्रात दिसतं. रेकॉर्डिंगमध्ये एकेका माणसाची भेट व्हिडिओसारखी बघता येते. पहिल्यातून ‘कुठे’ कळतं, दुसऱ्यातून बहुतेक वेळा ‘का’ कळतं. सगळी गडबड होते ती ‘कुठे’वरून ‘का’ परस्पर ठरवल्यामुळे.

समजा, ठाण्यात नौपाड्यात एसी सर्व्हिसिंगचा व्यवसाय आहे. पानावर वर फोन नंबर, मग जेट सर्व्हिस, गॅस भरणे, इन्स्टॉलेशन असे तीन चौकोन, त्याखाली दरपत्रकाचा फोटो आणि तळाशी ‘आम्ही कुठे येतो’ ही यादी आणि फॉर्म. महिन्याभरात मोबाइलवर 1,000 वेळा पान उघडलं गेलं. हीटमॅपमधला स्क्रोल मॅप, म्हणजे कोण कुठवर खाली गेलं त्याचा नकाशा, सांगतो की चौकोनांपर्यंत 88 टक्के पोचले, दरपत्रकापर्यंत 60 आणि यादीपर्यंत जेमतेम 25. मालक लगेच म्हणणार, “दर बघून पळतात. शंभर रुपये कमी करू या.”

थांबा. दरपत्रकाशी गळलेल्यांची वीसेक रेकॉर्डिंग बघा. काहींनी वर येऊन नंबरवर टॅप केलंय आणि तिथेच भेट संपलीय. ही गळती नव्हेच, हा आलेला फोन आहे! स्क्रोल मॅपच्या हिशोबात मात्र तेही ‘खाली न पोचलेले’च. दुसरे काही दरपत्रकाच्या फोटोवर पुन्हा पुन्हा टॅप करतात, कारण मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि फोटो काही मोठा होत नाही. तिसरे सरसर खाली-वर फिरतात आणि ‘ठाणे’ या मथळ्यावर बोट लावतात. कळव्याला, दिव्याला येणार का, एवढंच त्यांना हवं असावं, असा माझा अंदाज. त्याचं उत्तर तळाशी पुरलेलं. म्हणजे दर कमी करून काहीच साधलं नसतं. दर साध्या मजकुरात लिहायचे आणि गावांची एक ओळ नंबरखाली आणायची, एवढंच काम होतं.

मग फक्त रेकॉर्डिंगच बघावीत का? पान महिन्याला शे-दोनशे वेळाच उघडत असेल, तर हो. इतक्या थोड्या टॅपांचा हीटमॅप म्हणजे निव्वळ ठिपके. चार जणांनी चुकून बोट लावलं तरी लाल डाग दिसतो. भेटी हजाराच्या घरात गेल्या की मात्र उलटं होतं. सगळी रेकॉर्डिंग बघणं अशक्य, आणि दोन चमत्कारिक भेटी डोक्यात बसल्या की सगळेच तसे वाटायला लागतात. तेव्हा आधी स्क्रोल मॅपवर उतार कुठे तीव्र आहे ते हेरायचं आणि मग फिल्टर लावून तेवढीच रेकॉर्डिंग उघडायची. क्लॅरिटीत `Dead clicks` हा फिल्टर ‘टॅप केलं पण काहीच झालं नाही’ अशा भेटी वेगळ्या काढतो. सुरुवात त्यानेच करावी. क्लॅरिटीत रेकॉर्डिंग साधारण 30 दिवसच राहतात, तेव्हा फार लांबणीवर टाकू नका.

हीटमॅपच्या दोन खोडी ठाऊक हव्यात. मोबाइल आणि डेस्कटॉपचा नकाशा वेगवेगळाच बघायचा. आणि नकाशामागचं चित्र पानाच्या एकाच अवस्थेचं असतं. ‘नेहमीचे प्रश्न’ उघडून आतल्या मजकुरावर केलेले टॅप मिटलेल्या पानावर भलतीकडेच दिसू शकतात. असा विचित्र डाग दिसला तर रेकॉर्डिंगशी ताडून बघा.

रेकॉर्डिंगची अडचण वेगळी. फोनला हात लावलेला दिसतो, पण माणूस वाचतोय की फोन ठेवून चहा घेतोय, हे नाही कळत. ऑफिसातली मंडळी दिवसातून दहा वेळा पान उघडत असतील तर त्यांच्याही भेटी मोजल्या जातात. सेटिंग्जमध्ये ऑफिसचा आयपी पत्ता वगळा. फॉर्ममध्ये टाइप केलेलं क्लॅरिटी आपणहून झाकते, पण पानावर इतरत्र ग्राहकाचं नाव-पत्ता दिसत असेल तर मास्किंग `Strict` वर ठेवा आणि रेकॉर्डिंग होतं हे गोपनीयता धोरणात लिहा.

बदल केल्यावर तुलना करताना तारखांची काळजी घ्या. नवं पान ज्या दिवशी चढवलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचाच हीटमॅप काढा. नाहीतर जुन्या पानाचे टॅप नव्या रचनेवर पडलेले दिसतील. शिवाय एसीच्या धंद्यात मेची गर्दी जुलैत नसते, त्यामुळे भेटींचा आकडा बघून हुरळू किंवा घाबरू नका. शंभरातल्या किती जणांनी नंबरवर टॅप केलं, तेवढंच धरा.